‘कोळी चावला’ म्हणण्याआधी: फोड, गळू आणि काळी खपली ओळखायची कशी

सकाळी उठल्यावर मांडीवर किंवा मानेवर लाल फोड दिसला आणि कारण सापडलं नाही, की आपल्याकडे पहिला संशय कोळ्यावर जातो. ‘कोळी चावला’, ‘कोळी मुतला’, ‘काहीतरी अंगावरून फिरलं’ असं म्हणून चुना किंवा हळद लावली जाते आणि दोन-तीन दिवस वाट पाहिली जाते. बहुतेक वेळा फोड आपोआप बरा होतो, म्हणून निदान बरोबर होतं असं वाटतं. अडचण येते ती उरलेल्या वेळी. नागीण हा फोडांचा आजार, पसरणारा जंतुसंसर्ग, स्क्रब टायफस हा किड्यापासून होणारा ताप किंवा मण्यार सापाचा दंश ‘कोळी’ या नावाखाली घरातच राहतो आणि उपचाराचे महत्त्वाचे दिवस किंवा तास निघून जातात. म्हणून नवख्या माणसाने कोणत्या क्रमाने बघावं आणि काय करावं, ते इथे सांगतो.

पहिला प्रश्न: कोळी कुणी पाहिला का?

चावताना किंवा चावल्यावर लगेच, त्याच जागी कोळी दिसला असेल, तरच कोळ्याचा दंश खात्रीने म्हणता येतो. खोलीत जाळं आहे किंवा काल भिंतीवर मोठा कोळी होता, हा पुरावा नव्हे. कोळी ढेकणासारखा किंवा डासासारखा रक्तावर जगत नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाला शोधत येण्याचं त्याला कारणच नसतं. तो चावतो तो दाबला गेला तर: वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाहीत, बरेच दिवस न वापरलेल्या बुटात, सरपणाच्या मोळीत, माळ्यावरच्या खोक्यात हात घातल्यावर. त्यातही बहुतेक कोळ्यांच्या नांग्या माणसाच्या कातडीतून नीट आत जात नाहीत.

घरात ज्याची सगळ्यांत जास्त भीती वाटते तो भिंतीवरचा चपटा, लांब पायांचा, तळहाताएवढा पसरणारा करडा कोळी. त्याची मादी पोटाखाली पांढरी चपटी गोल पिशवी धरून बसते. ती पिशवी विषाची नसून अंड्यांची असते. हा कोळी झुरळं खातो, आणि चावलाच तर थोडा वेळ दुखून सूज येण्यापलीकडे सहसा काही होत नाही.

ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फक्त असेच रुग्ण घेतले होते, ज्यांनी चावलेला कोळी पकडून आणला होता आणि तज्ज्ञांनी तो ओळखला होता. अशा 750 दंशांपैकी एकाही ठिकाणी मांस सडून व्रण झाला नव्हता. ऑस्ट्रेलियात तर विषारी कोळ्यांची कमतरता नाही. म्हणून कातडी काळी पडली, खड्डा पडला, पू आला, तर कोळ्याचं नाव घेण्याआधी दुसरी कारणं तपासायची.

पहिल्या तासात काय करायचं

कोळी असो वा दुसरा किडा, सुरुवात सारखीच. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साध्या अंगाच्या साबणाने ती जागा नीट धुवा. घासू नका. दंश हाताला असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढून ठेवा, कारण सूज चढल्यावर अंगठी कापावी लागते. पायाला असेल तर जोडवी आणि पैंजण काढा.

मग पातळ फडक्यात बर्फ गुंडाळून 10 मिनिटं ठेवा, 10 मिनिटं काढा, असं दोन-तीनदा करा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. हात किंवा पाय उशीवर थोडा उंच ठेवा. दुखत असेल तर मोठ्या माणसाला पॅरासिटॅमॉलची 500 मिलिग्रॅमची गोळी देता येते, दुसरी गोळी निदान सहा तासांनी. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो अंदाजाने देऊ नका. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. तो ताप डेंग्यूचा असला तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. दहा वर्षं उलटली असतील किंवा आठवतच नसेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात घ्या. जखमेत माती किंवा शेण गेलं असेल तर पाच वर्षांनंतरही घ्यायला सांगतात.

आणि एक बॉलपेन घ्या. सूज किंवा लाली जिथे संपते तिथे कडेने रेघ ओढून शेजारी तारीख आणि वेळ लिहा. बाजूला रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, ती जांभळट किंवा नुसती गडद वाटते. अशा वेळी बोटांच्या मागच्या बाजूने हलकेच चाचपून बघा. जिथे कातडी गरम, ताणलेली, चकचकीत लागते ती कड धरून रेघ ओढा. पुढच्या दोन दिवसांतले निम्मे निर्णय ही रेघ करून देते.

चुना, टूथपेस्ट, रॉकेल, तंबाखू, बिब्ब्याचं तेल यांपैकी काही लावू नका. बिब्ब्याने तर स्वतःच मोठे फोड येतात आणि मग मूळ जखम कोणती ते डॉक्टरांनाही कळत नाही. ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं, वर घट्ट दोरी बांधणं यांनी नुकसानच होतं.

जमिनीवर झोपला होता का?

हा प्रश्न वेगळा काढून ठेवतो, कारण इथे चूक झाली तर जीव जातो. मण्यार रात्री फिरते, उंदरांच्या मागे घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक असतात. दंशाची खूण बहुतेक वेळा दिसतच नाही, सूज येत नाही, दुखतही फारसं नाही. माणूस ‘काहीतरी चावलं, मुंगी नाहीतर कोळी असेल’ म्हणून पुन्हा झोपतो.

पहाटे पोटात दुखायला लागतं, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, एकाचे दोन दिसतात, गिळताना अडकतं, आवाज घोगरा होतो. यातलं एकही लक्षण दिसलं तर फोड शोधत बसू नका. 108 ला फोन करा, माणसाला चालवू नका, चावलेला भाग हलू देऊ नका आणि सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्या. लक्षणं नसली तरी, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री अंधारात काहीतरी चावलं आणि काय ते दिसलं नाही, तर त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणंच शहाणपणाचं आहे.

विंचवाचं उलट असतं. वेदना इतकी जबर असते की शंका राहत नाही. पण लाल विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, छातीत धडधड सुरू झाली, तर तीही तातडीची वेळ असते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांसाठी प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला. ते औषध वेळेत मिळण्यावर बरंच अवलंबून असतं.

आता फोडाकडे नीट बघा

उजेडात, शक्यतो दिवसा बघा. किती फोड आहेत, कुठे आहेत, दुखतात की खाजतात आणि कधीपासून, एवढं पाहिलं तरी बराचसा उलगडा होतो.

कोळ्याचा दंश साधारणपणे एकच असतो. चावताना टोचल्यासारखं कळतं, काही मिनिटांत जागा लाल होऊन फुगते, एका दिवसात सूज सगळ्यांत जास्त होते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत उतरायला लागते. एका ओळीत तीन-चार खाजरे चट्टे उठले असतील तर गादीच्या शिवणीत ढेकूण शोधा.

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा एक बारीक किडा आहे. लांबट, जेमतेम सेंटिमीटरभर, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा. त्याला ॲसिड माशी म्हणतात. तो चावतही नाही, मुततही नाही. मानेवर बसल्यावर आपण हाताने चिरडतो, तेव्हा त्याच्या अंगातला दाहक रस कातडीवर पसरतो. त्या वेळी काहीच वाटत नाही. एक-दोन दिवसांनी, हात जसा फिरला असेल तशी लांबट लाल पट्टी उठते, जळजळते, मधे पिवळसर बारीक फोड येतात. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत असेल तर घडीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांची छापल्यासारखी नक्कल दिसते. ‘कोळी मुतला’ म्हणून दाखवले जाणारे कितीतरी चट्टे हेच असतात. किडा अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा. चट्टा एक-दोन आठवड्यांत जातो, डाग मात्र काही काळ राहतो. डोळ्याजवळ झाला असेल तर डॉक्टरांना दाखवाच, आणि ते हात डोळ्यांना लावू नका.

नागीण ओळखायची सोपी खूण म्हणजे ती शरीराच्या एकाच बाजूला येते. आधी दोन-तीन दिवस त्या पट्ट्यात आग होते, टोचतं, ठणकतं. मग पाठीपासून पोटाकडे किंवा कपाळाच्या अर्ध्या भागावर पाण्याच्या फोडांचे झुबके उठतात आणि मधली रेषा सहसा ओलांडत नाहीत. नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस दगावतो, ही भीती खरी नाही. धोका वेळ घालवण्यात आहे. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो. गेरू लावून आणि उतरवून घेण्यात तेच तीन दिवस जातात. फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

गळू आणि केसतूड यांची सुरुवात केसाच्या मुळाशी होते, रोज थोडं जास्त दुखतं, मधे पिवळं तोंड धरतं. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ कापडाने दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं शेका, पिळू मात्र नका. नाकाच्या आजूबाजूला आणि वरच्या ओठावर तर मुळीच नाही. मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांची काळपुळी झाली तर डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेह आहे हे कित्येकांना अशा काळपुळीमुळेच पहिल्यांदा कळतं.

सूज वाढतेय म्हणजे जंतुसंसर्गच, असंही नाही. किड्याच्या दंशाची सूज पहिल्या एक-दोन दिवसांत रेघेबाहेर जाऊ शकते, पण ती मुख्यतः खाजते. जंतुसंसर्ग बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जोर धरतो, जागा गरम होते, खाज मागे पडून ठणका वाढतो. रेघ ओलांडली आणि ठणकाही वाढतोय, अशी जोडी दिसली तर थांबू नका.

काळी खपली: एक उदाहरण

सगळ्यांत जास्त फसवणारी जखम हीच, म्हणून तिला थोडी जागा देतो. समजा, भंडाऱ्याकडची चाळिशीची एक बाई आहे. सप्टेंबर महिना, धानाच्या बांधावर गुडघाभर गवत, रोज निंदण आणि गुरांसाठी चारा कापणं. एके दिवशी आंघोळ करताना कमरेला, परकराची नाडी जिथे घट्ट बसते तिथे, हाताला खरखरीत लागतं. बघितलं तर वाटाण्याएवढी काळी खपली, भोवती लालसर कड, विडीचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही. घरातल्या म्हणतात, कोळी चावला असेल. हळद आणि कडुनिंब लावलं जातं.

दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप येतो, डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं. जांघेत अवधाण आल्यासारखी गाठ लागते. मेडिकलवाल्याकडून तापाच्या आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या जातात. चार दिवस झाले तरी ताप हटत नाही. तापासाठी डॉक्टरांकडे गेल्यावर ती ताप सांगते, डोकेदुखी सांगते. कमरेची खपली सांगत नाही, कारण ती दुखत नाही, आणि कपड्याखालची जागा दाखवायला संकोच वाटतो. डेंग्यू, मलेरियाच्या तपासण्या होतात, काही सापडत नाही. दुसऱ्या आठवड्यात खोकला आणि दम लागायला सुरुवात होते.

हा स्क्रब टायफस आहे. गवतात, झुडपांत राहणाऱ्या माइट नावाच्या बारीक किड्याचं पिल्लू चावतं. ते इतकं बारीक असतं की डोळ्यांना दिसत नाही आणि चावल्याचं कळतही नाही. ताप येतो साधारण 6 ते 21 दिवसांनी, त्यामुळे दोन्हींचा संबंध लागत नाही. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत याची मोठी साथ आली होती. कमर, काख, जांघ, स्तनांखालची घडी, कानामागची जागा, पुरुषांमध्ये वृषणाची कातडी, अशा घट्ट किंवा झाकलेल्या जागी ही खपली सापडते. सगळ्याच रुग्णांना ती येत नाही, पण आली तर तो मोठा पुरावा असतो.

उपचार स्वस्त आहे. डॉक्टर बहुतेकांना डॉक्सिसायक्लिन देतात, गर्भवतींना आणि लहान मुलांना गरजेप्रमाणे ॲझिथ्रोमायसिन. औषध बरोबर बसलं तर ताप साधारण दोन दिवसांत उतरतो. उलट ॲमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची औषधं इथे चालत नाहीत, कारण हा जंतू शरीराच्या पेशींच्या आत राहतो. म्हणूनच त्या बाईचा चार दिवसांत ताप गेला नाही. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि मेंदूपर्यंत आजार जातो. रक्ताची तपासणी पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात. त्यांनी तसं केलं तर शंका घेऊ नका.

ताप आलेल्या माणसाचं अंग डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघायचं, हे घरातल्या कुणीतरी करायलाच हवं. बायकांचं बायकांनी बघावं, म्हाताऱ्यांचं मुलांनी. खपली खरवडू नका, तिचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा आणि शेतात, गवतात काम होतं हे आवर्जून सांगा.

केव्हा लगेच निघायचं

श्वास लागणं, ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं, अंगभर गांध्या उठून चक्कर येणं, यात मिनिटांचा हिशेब असतो. माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा (दम लागत असेल तर बसू द्या) आणि 108 लावा. चावल्यानंतर तासाभरात दुखणं वर वर चढत गेलं, पोट कडक झालं, अंगात पेटके आले, घाम फुटला, तर तो खरोखरच विषारी कोळ्याचा दंश असू शकतो. आपल्याकडे असे कोळी आहेत, पण दंश विरळा. सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या केसाळ टॅरॅन्टुलाच्या दंशानेही स्नायूंत पेटके येतात. अशा वेळी रुग्णालयच.

दिसणाऱ्या जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त असेल, काही तासांत सूज रेघ ओलांडून पळत असेल, कातडी जांभळी-काळी पडून बधिर होत असेल किंवा दाबल्यावर आत हवा असल्यासारखं कुरकुरत असेल, तर तो कातडीखालचं मांस खाणारा संसर्ग असू शकतो. त्याला शस्त्रक्रिया लागते, तीही त्याच दिवशी. मोठ्या रुग्णालयात जा.

थंडी-ताप, जखमेपासून वर चढणारी लाल रेघ, डोळ्याजवळची किंवा गुप्तांगावरची जखम, दोन दिवसांनंतरही वाढणारा ठणका, यांसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेही, गर्भवती, किमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेली माणसं, तान्ही बाळं यांच्या बाबतीत वाट पाहण्याची मुदत आणखी कमी धरा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला तर दुखण्याचा इशाराच मिळत नाही. आणि कोणताही व्रण दोन आठवड्यांत भरत नसेल, तर कारण शोधायलाच हवं.

परदेशातल्या मराठी माणसांनी एवढं लक्षात ठेवावं: अमेरिकेत मिझुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सस या भागांत ब्राउन रिक्लूस कोळी खरोखरच राहतो आणि त्याच्या काही दंशांत कातडी मरते, पण तिथेही बरेच ‘कोळ्याचे दंश’ जंतुसंसर्गाचे निघतात. सिडनीच्या आसपास मोठा काळा चकचकीत फनेल-वेब कोळी चावला, तर बर्फ वगैरे न करता पूर्ण हातापायावर दाबाचं बँडेज गुंडाळा, हालचाल थांबवा आणि 000 ला फोन करा. त्याची प्रतिविषाची लस 1981 पासून उपलब्ध आहे.

डॉक्टरांसमोर काय सांगायचं

‘कोळी चावला’ असं निदान हातात ठेवून सुरुवात करू नका. पहिल्यांदा कधी दिसलं, तेव्हा कसं होतं, आधी दुखलं की आधी फोड आला, ताप कधी आला, काय लावलं, कोणती गोळी किती दिवस घेतली, हे सांगा. रेघ आणि फोटो दाखवा. किडा मारला असेल, तर तो चेंगरलेल्या अवस्थेतही काडेपेटीत घालून न्या. त्याला हात लावू नका, कागदाने उचला. आणि पावसाळ्यात ताप असेल तर स्वतःच विचारा: ‘डॉक्टर, स्क्रब टायफस असू शकेल का?’